फोटोतला पावसाचा तक्ता कसा वाचायचा: सरासरी १५६ मिलिमीटर, आणि तिच्याखालची सात वर्षे

पावसाच्या तक्त्याचा फोटो मोबाइलवर आला की बहुतेकांची नजर थेट शेवटच्या ओळीवर जाते. तिथे ठळक अक्षरात ‘सरासरी’ लिहिलेली असते. तो आकडा लक्षात ठेवायचा, फोटो बंद करायचा आणि त्यावर पेरणीचा बेत करायचा, इथेच चूक होते. त्या ओळीच्या वर जे दहा-पंधरा आकडे असतात, खरी माहिती त्यांच्यातच असते.

ही रीत एका उदाहरणातून पाहू. मोहोळ तालुक्यातले एक अण्णा आहेत, त्यांची कोरडवाहू चार एकर जमीन. दोन एकर भारी काळी, दोन एकर मध्यम, दीड-दोन हातांखाली मुरूम. रब्बीला मालदांडी ज्वारी. गावातल्या फलकावर महसूल मंडळाच्या दहा वर्षांच्या पावसाचा तक्ता लागला होता, त्याचा फोटो कुणीतरी गटावर टाकला. सप्टेंबरची सरासरी १५६ मिलिमीटर. अण्णांनी हिशेब केला: ‘ऑगस्ट कोरडा गेला तरी सप्टेंबर दीडशे देतोच, चारही एकर ज्वारी टाकू.’ कॉलेजात शिकणारी पुतणी शेजारी बसली होती. ती म्हणाली, “अण्णा, वही घ्या. वरचे आकडे उतरवून काढू.” पुढच्या पायऱ्या त्या दोघांनी केलेल्या क्रमानेच दिल्या आहेत. पायऱ्यांतले आकडे समजावून सांगण्यापुरते घेतले आहेत. ती कोणत्याही खऱ्या मंडळाची नोंद नाही. तुमच्या तक्त्यातले आकडे त्यांच्या जागी घाला.

पायरी १. आधी फोटो वाचण्याजोगा करा

लागणाऱ्या वस्तू: चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर, पट्टी, मोबाइलचा कॅल्क्युलेटर. पेनाने सुरुवात करू नका, दोन-तीन आकडे खोडावे लागतातच.

तिरका काढलेला फोटो हे चुकांचं पहिलं कारण. तिरक्या फोटोत ओळ डावीकडून उजवीकडे जाताना हळूहळू वर किंवा खाली सरकते, आणि चौथ्या वर्षाचा सप्टेंबर वाचताना डोळा पाचव्या वर्षात शिरतो. शक्य असेल तर फलकासमोर सरळ उभं राहून, मोबाइल छातीच्या उंचीवर धरून, फ्लॅश बंद करून फोटो पुन्हा काढा. फ्लॅशमुळे चकचकीत कागदावर पांढरा डाग पडतो आणि नेमका एक रकाना पुसला जातो. फोटो दुसऱ्याकडून मागवत असाल तर व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. नुसता फोटो म्हणून पाठवला की तो आकसतो आणि बारीक आकडे फुटतात.

फोटोत चारही कडा हव्यात. डोक्यावरची ओळ कापली गेली असेल तर कुठला रकाना कुठल्या महिन्याचा हे अंदाजाने ठरवू नका, फोटो पुन्हा मागवा. तळाच्या टिपाही हव्यात. बारीक अक्षरातली टीप बहुतेक वेळा तिथेच असते.

*तपासणी:* फोटो मोठा करून १ आणि ७, ३ आणि ८, तसंच दशांशचिन्ह वेगवेगळं दिसतंय का पाहा. दिसत नसेल तर पुढे जाऊ नका.

पायरी २. तक्ता कुठला आणि कशाचा, हे वहीच्या वरच्या ओळीत लिहा

इथे तीन गोष्टी पाहायच्या.

पहिली, ठिकाण. जिल्ह्याचा, तालुक्याचा आणि महसूल मंडळाचा पाऊस या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सोलापूर जिल्ह्यात पश्चिमेकडे पाऊस कमी आणि पूर्वेला अक्कलकोट-बार्शीकडे जास्त. जिल्ह्याच्या सरासरीत हा फरक आधीच मिसळून गेलेला असतो, त्यामुळे शेताच्या बेतासाठी मंडळाचाच तक्ता धरा. मंडळाचं पर्जन्यमापक शेतापासून किती लांब आहे तेही लिहून ठेवा. सप्टेंबरातला गडगडाटी पाऊस एका शिवारात कोसळतो आणि दुसऱ्या शिवारात धूळही बसत नाही.

दुसरी, आकडा रोजचा आहे की साचत आलेला. काही तक्त्यांत ‘आजअखेर’ असा रकाना असतो. तो जूनपासूनची बेरीज दाखवतो, त्या महिन्याचा पाऊस नव्हे. ओळीतले आकडे डावीकडून उजवीकडे फक्त वाढतच जात असतील, कधीच उतरत नसतील, तर तो साचत आलेला पाऊस आहे. महिन्याचा पाऊस हवा असेल तर सप्टेंबरअखेरच्या आकड्यातून ऑगस्टअखेरचा वजा करा.

तिसरी, तारीख. आपल्याकडे पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवसाच्या नावावर लिहितात. गणपती बसले त्या रात्रीचा पाऊस तक्त्यात दुसऱ्या दिवशीच्या तारखेला दिसेल. ‘आमच्याकडं त्या दिवशी धो धो पडला आणि कागदावर शून्य’ असा वाद बऱ्याचदा एवढ्यानेच मिटतो.

*सावधान:* रिकामी जागा, आडवी रेघ आणि ०.० या तिन्हींना ‘पाऊस नाही’ समजू नका. ०.० म्हणजे मोजलं, पाऊस नव्हता. रेघ किंवा रिकामी जागा म्हणजे बहुधा मोजलंच नाही. रेघेला शून्य धरलं तर सरासरी खोटी खाली येते. ते वर्ष सोडून द्या आणि भागताना दहाऐवजी नवाने भागा.

पायरी ३. एकच रकाना उतरवा, पण बेरीज आडव्या ओळीची तपासा

सगळा तक्ता उतरवायची गरज नाही. ज्या महिन्यावर तुमचा निर्णय टेकलेला आहे तोच घ्या. अण्णांचा निर्णय रब्बी ज्वारीचा, म्हणून सप्टेंबर. स्क्रीनवर पट्टी आडवी धरून एकेक ओळ वाचावी. एकाने वाचावं, दुसऱ्याने लिहावं.

सहाव्या वर्षापाशी दोघं अडकली. आकडा २६५ वाटत होता, पण ६ आणि ५ च्या मध्ये कागदावर एक ठिपका होता. दशांशचिन्ह की माशीचा डाग? अण्णा म्हणाले, “त्या साली ओढा भरून वाहिला होता की, २६५च असणार.” आठवण कामाची असते, पण बेरीज जास्त पक्की. त्या वर्षाची आडवी ओळ अशी होती: जून ८८, जुलै ७४, ऑगस्ट ९६, सप्टेंबर ?, ऑक्टोबर ४१, एकूण ५६४. सप्टेंबर सोडून बेरीज २९९ येते. ५६४ मधून २९९ गेले, उरले २६५. तो डागच होता. २६.५ लिहिलं असतं तर एका ठिपक्याने दहा वर्षांची सरासरी जवळजवळ २४ मिलिमीटरने खाली आली असती.

*तपासणी:* उतरवलेल्या प्रत्येक वर्षाची आडवी बेरीज छापील एकूण आकड्याशी जुळली पाहिजे. पूर्णांक केल्यामुळे एक-दोन मिलिमीटरचा फरक पडला तर चालेल. त्याहून मोठा फरक म्हणजे वाचताना चूक झाली, किंवा छापतानाच चूक झाली आहे.

पायरी ४. सरासरी काढा आणि लगेच आकड्यांची उतरंड लावा

ही पायरी सगळ्यात जास्त वेळा गाळली जाते. दहा वर्षांचा सप्टेंबर, तक्त्यातल्या क्रमाने:

९२, ३१०, १४८, ६१, ११८, २६५, १०४, ४३, २८७, १३२

बेरीज १५६०, भागिले दहा, सरासरी १५६. तक्ता खोटं बोलत नव्हता. आता हेच दहा आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत एकाखाली एक लिहा:

१) ४३
२) ६१
३) ९२
४) १०४
५) ११८
६) १३२
७) १४८
८) २६५
९) २८७
१०) ३१०

पेन्सिलने १५६ ची आडवी रेघ मारा. ती सातव्या आणि आठव्या ओळीच्या मध्ये पडते. म्हणजे दहापैकी सात वर्षे सरासरीच्या खाली आणि फक्त तीन वर. ज्याला अण्णा ‘नेहमीचा पाऊस’ समजत होते, तो मिळण्याची पाळी दहात तीनदाच आली.

अण्णा बराच वेळ त्या रेघेकडे पाहत राहिले. “सात सालं खाली? मग दीडशे आलं कुठनं?”

पुतणीने खालच्या तीन आकड्यांभोवती गोल केला. २६५, २८७, ३१०. तिन्ही मिळून ८६२. दहा वर्षांच्या १५६० मध्ये निम्म्याहून जास्त पाऊस या तीन वर्षांनीच टाकला. ती तीन वर्षे बाजूला ठेवली तर उरलेल्या सातांची सरासरी जेमतेम १०० निघते. मोठी तीन वर्षे सरासरीला वर ओढतात, पण त्या वर्षांचं पाणी कोरड्या वर्षाच्या रानाला मिळत नाही. ते त्याच वर्षी ओढ्याने सीनेत गेलेलं असतं. सरासरी काढताना आपण कागदावर भरल्या वर्षाचं पाणी रिकाम्या वर्षात ओततो. शेतात असं ओतता येत नाही.

आता उतरंडीतून आणखी दोन आकडे काढा आणि सरासरीशेजारी लिहा.

*मधला आकडा.* दहा ओळी असतील तर पाचव्या आणि सहाव्याच्या मधला: ११८ आणि १३२ यांचा मध्य १२५. निम्मी वर्षे याच्या खाली, निम्मी वर. ओळी विषम असतील, समजा अकरा, तर सरळ सहावी ओळ. सरासरी मधल्या आकड्यापेक्षा बरीच वर असेल, इथे ३१ मिलिमीटरने आहे, तर समजायचं की थोड्या मोठ्या वर्षांनी ती फुगवली आहे.

*दहात आठ वर्षांचा आकडा.* वरून तिसरी ओळ: ९२. दहापैकी आठ वर्षे निदान एवढा तरी पाऊस झाला. ज्या कामात चुकलं तर बियाणं-खताचे पैसे बुडतात, त्यासाठी हा आकडा धरायचा.

*सावधान:* फोटोत तक्ता नसून उभ्या खांबांचा आलेख असेल, तर सरासरीची आडवी रेघ आधीच मारलेली असते. खांब किती रेघेखाली संपतात ते मोजा. पण आधी डाव्या बाजूचं माप शून्यापासून सुरू होतंय का ते पाहा. ते ५० पासून सुरू होत असेल तर ६१ चा खांब अगदीच खुजा दिसेल आणि फरक आहे त्याहून मोठा वाटेल.

पायरी ५. आपल्या जमिनीचा उंबरठा ठरवा आणि किती वर्षे त्याखाली गेली ते मोजा

सरासरी ही मंडळाची, उंबरठा तुमच्या रानाचा. या पायरीला तक्ता उपयोगी नाही, अनुभव लागतो. अण्णांच्या अनुभवात मध्यम रानात सप्टेंबरभरात शंभरेक मिलिमीटर मुरलं तर ज्वारी निसवते आणि दाणा भरतो; त्याखाली कणीस अडकतं आणि कडबाही आखूड राहतो. भारी काळ्या रानात ओल खोलवर धरून राहते, म्हणून तिथे साठ-सत्तरवरही पीक तग धरतं.

मग उतरंडीत मोजायचं. १०० च्या खाली ४३, ६१, ९२: तीन वर्षे. ७० च्या खाली ४३ आणि ६१: दोन वर्षे. म्हणजे मध्यम दोन एकर दहात तीन वेळा आणि भारी दोन एकर दहात दोन वेळा दगा देतात. १५६ या आकड्यात यातलं काहीच दिसत नव्हतं.

इथे दोन चुका नेहमी होतात. ‘दहात तीन’ म्हणजे दर तीन-चार वर्षांनी एकदा ठरल्यासारखं येणार, असं नव्हे. मूळ क्रमात पहिलं, चौथं आणि आठवं वर्ष कमी गेलं, म्हणून तसं वाटेल, पण तो योगायोग आहे. पाळी लागत नाही. दोन वाईट वर्षे पाठोपाठही येतात. दुसरी चूक म्हणजे दहा वर्षांना फार पक्कं समजणं. एक जास्तीचं कोरडं वर्ष धरलं की दहात तीनाचं अकरात चार होतं. तीस वर्षांची नोंद मिळाली तर तीच वापरा. रीत हीच, फक्त उतरंड लांब होते आणि दहात आठचा आकडा वरून सातव्या ओळीत येतो.

पायरी ६. महिन्याच्या आत शिरा: रोजचे आकडे

वर्षावर्षातला फरक उतरंडीने दिसला. पण महिन्याची बेरीज हीसुद्धा एक झाकणच आहे. दोन सप्टेंबर जवळपास सारखे असूनही रानाला अगदी वेगळे लागू शकतात. त्यासाठी रोजच्या पावसाचा तक्ता लागतो. मंडळनिहाय रोजचे आकडे कृषी विभागाच्या पावसाच्या संकेतस्थळावर मिळतात. सगळी वर्षे नकोत. सारख्या बेरजेची दोन घ्या.

अण्णांनी तिसरं आणि दहावं वर्ष घेतलं, १४८ आणि १३२.

तिसरं वर्ष: २ तारखेला ९, ३ ला ६, मग थेट २४ ला ८४, २५ ला ३७, २६ ला १२.

दहावं वर्ष: ३ ला ८, ४ ला १४, ७ ला ११, ८ ला ६, १२ ला १९, १३ ला १०, १६ ला ७, १७ ला २२, १८ ला १३, २२ ला १६, २६ ला ६.

प्रत्येक वर्षासाठी तीन गोष्टी लिहा.

पावसाचे दिवस: हवामान खातं २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पडला तरच तो पावसाचा दिवस धरतं. तिसऱ्या वर्षी ५, दहाव्या वर्षी ११.

सर्वांत मोठा खंड: तिसऱ्या वर्षी ४ ते २३, म्हणजे सलग २० दिवस कोरडे. दहाव्या वर्षी सर्वांत मोठा खंड महिनाअखेरचा, ४ दिवसांचा.

सर्वांत मोठा एक दिवस: तिसऱ्या वर्षी ८४, महिन्याच्या निम्म्याहून जास्त पाऊस एका चोवीस तासांत. दहाव्या वर्षी २२.

तक्त्यात तिसरं वर्ष १६ मिलिमीटरने चांगलं दिसतं. रानात उलटं झालं. वीस दिवसांच्या खंडात उभ्या सोयाबीनच्या शेंगा पोचट राहिल्या. नंतर तापून भेगाळलेल्या जमिनीवर ८४ एकदम कोसळला. भेगा मिटल्यावर वरचं पाणी बांध फोडून निघून गेलं. एका एकरावर एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४,०४७ लिटर पाणी, पण हा हिशेब पडलेल्या पाण्याचा आहे, मुरलेल्या नव्हे. वापसा यायला ऑक्टोबर उजाडला. दहाव्या वर्षी पाऊस थोडाथोडा पडून मुरत गेला आणि ज्वारीची पेरणी सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात उरकली.

“हे साल मला चांगलं याद हाय,” अण्णा तिसऱ्या वर्षावर बोट ठेवून म्हणाले. “कागदावर बरं दिसतंय, पण त्या साली कडबा इकत आणला मी.”

*तपासणी:* रोजच्या आकड्यांची बेरीज महिन्याच्या आकड्याशी जुळवा. तिसऱ्या वर्षाची १४८ आणि दहाव्याची १३२ आलीच पाहिजे. येत नसेल तर एखादा दिवस सुटला आहे, किंवा तुमच्याकडचे दोन तक्ते वेगवेगळ्या मंडळांचे आहेत.

पायरी ७. बेत बदला, आकड्यापुरता

वहीच्या पानावर आता एका आकड्याऐवजी पाच ओळी असतात: सरासरी १५६, मधला १२५, दहात आठ वर्षे ९२, मध्यम रान तीनदा उंबरठ्याखाली, सर्वांत मोठा खंड २० दिवस. यातली प्रत्येक ओळ वेगळ्या कामाला लागते.

भारी दोन एकरांचा बेत अण्णांनी बदलला नाही. मध्यम दोन एकरांवर मात्र दोन गोष्टी ठरल्या. जुलै-ऑगस्टमध्येच सारायंत्राने बंदिस्त वाफे पाडायचे, म्हणजे ८४ सारखा पाऊस आला तर तो जागेवर अडेल. हे काम सप्टेंबरचा पाऊस पाहून करायचं नसतं. तोवर उशीर झालेला असतो. दुसरं, मध्यम रानाचं खत आधी आणून ठेवायचं नाही. १५ सप्टेंबरपर्यंत किती पाऊस झाला ते पाहायचं आणि रानात वीतभर खोल खड्डा घेऊन ओल बघायची. मूठ वळली की लाडू टिकतो आणि बोटाने दाबला की फुटतो, तर वापसा आहे. नुसती वरची चार बोटं ओली असतील तर थांबायचं.

पावसाची बेरीज करायला मंडळाच्या आकड्यावर विसंबायचं नसेल तर शेतात सरळ भिंतीचा, सपाट बुडाचा डबा ठेवा. वर निमुळता किंवा फाकलेला नको. जवळच्या झाडापासून झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, जमिनीपासून हातभर उंच, हलणार नाही असा. रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडाला टेकवून मिलिमीटर वाचा, लिहा आणि डबा रिकामा करा. वेळ तीच ठेवली तरच तुमचा आकडा मंडळाच्या आकड्याशी तारखेवार ताडता येतो.

अण्णांनी पानाच्या तळाशी अकरावी ओळ आखून ठेवली आहे. त्यात वर्षाच्या पुढे चार रिकामे रकाने: एकूण, पावसाचे दिवस, मोठा खंड, मोठा दिवस. सरासरीचा रकाना त्यांनी काढला नाही, फक्त सगळ्यात शेवटी सरकवला.